सात-दहा ते सात-चाळीस

कॅज्युअल्टीत पावणेसातला आलेल्या अत्यवस्थ रुग्णाचा केसपेपर साधारण असा असतो. अर्धवट शुद्धीत. तोंडाला फेस. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाडी ५२, रक्तदाब ८४/५०, ऑक्सिजन ७८ टक्के. ॲट्रोपीन दिले. श्वासनलिकेत नळी घातली. नाडी १३२, ॲट्रोपीनचा पुरेसा असर झाला. आयसीयूत हलवले. खाली सही, आणि सहीजवळ वेळ रात्री साडेआठची.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही पहिलं इंजेक्शन कधी गेलं, किती गेलं, नाडी १३२ झाली ती इंजेक्शनमुळे की दुसऱ्याच कशाने, आणि नळी त्याच्या आधी पडली की नंतर, हे या कागदावरून सांगता येत नाही. पावणेदोन तासांची धावपळ आठ ओळींत बसवताना वेळ गळून गेली आहे. ती परत बसवायची, म्हणजे केव्हा काय दिसलं, त्यावर केव्हा काय केलं आणि त्याने काय फरक पडला याची वेळेनुसार साखळी लावायची, हे रुग्णालयातलं एक वेगळंच काम आहे. आयसीयूच्या डॉक्टरांना ते रात्रीच लागतं, आठवड्याच्या आढावा बैठकीला लागतं आणि पुढे कधी कोर्टालाही लागतं.

हे काम कसं चालतं ते दाखवायला मी एक रुग्ण रचला आहे. माणूस खरा नाही, पण त्याच्या कागदांतला प्रत्येक घोळ कॅज्युअल्टीच्या कागदांत नेहमी भेटणारा आहे. बेचाळीस वर्षांचा शेतकरी, सकाळपासून पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करत होता. औषध ऑर्गनोफॉस्फेट गटातलं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना झालेली विषबाधा वाचकांना आठवत असेल. प्यायलं नाही म्हणजे धोका नाही, हा समज तेव्हा पुरता मोडला. विष कातडीतून आणि श्वासातूनही जातं.

हाच आजार निवडण्याचं कारण आहे. हे विष शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतं. नसांचा निरोप पोचवणारं रसायन त्यामुळे साचत जातं आणि ग्रंथी पाझरू लागतात. घाम, लाळ आणि सगळ्यांत घातक म्हणजे फुप्फुसातला पाझर. छातीला स्टेथोस्कोप लावला की बुडबुड ऐकू येते. ॲट्रोपीन हा पाझर थांबवतं, पण त्याचा ठरलेला डोस नाही. प्रौढ रुग्णाला तीन ते पाच अँप्यूलपासून सुरुवात करायची. आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. पाच मिनिटांनी तपासायचं, असर नसेल तर दुप्पट द्यायचं, पुन्हा पाच मिनिटांनी तपासायचं. थांबायचं कधी? छाती स्वच्छ झाली, नाडी ८० च्या वर गेली, वरचा रक्तदाब ८० च्या वर गेला, काख कोरडी झाली आणि बाहुल्या मोठ्या झाल्या, म्हणजे. बांगलादेशात चट्टग्रामच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये १५६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीने ठरावीक डोस देत राहिलं तर या टप्प्याला पोचायला सरासरी अडीच तास लागत होते, दुप्पट करत गेलं तर पंचवीस मिनिटांच्या आत. मृत्यूही २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. तेव्हा या आजारात ‘ॲट्रोपीन दिले’ ही नोंद अर्धीच. किती वाजता दिलं आणि पाच मिनिटांनी छाती काय म्हणत होती, हा तिचा उरलेला अर्धा भाग.

आता कागद गोळा करू. केसपेपर तर आहेच. सिस्टरांचा औषधांचा तक्ता आहे, तो सहसा सगळ्यांत विश्वासाचा, कारण सिरिंज रिकामी झाली की तिथेच टिपलेला असतो. मॉनिटर दर पाच मिनिटांनी नाडी आणि ऑक्सिजन आपणहून साठवतो, ते आकडे छापून घेता येतात. ईसीजीची पट्टी आहे. ग्रामीण रुग्णालयाची रेफर चिठ्ठी आहे, १०८ च्या डॉक्टरांचा कागद आहे, एमएलसीचं रजिस्टर आहे. आणि कागदावर कुठेच नसलेली भावाची हकिकत आहे.

नवखा माणूस इथे केसपेपर समोर ठेवून त्याच्या क्रमाने लिहायला बसतो. तसं केलं की केसपेपरचीच सुंदर अक्षरातली नक्कल तयार होते. वाक्यांचा क्रम हा घटनांचा क्रम नसतो. थकलेल्या डॉक्टरांनी आठवेल तसं, किंवा महत्त्वाचं वाटेल तसं लिहिलेलं असतं. म्हणून आधी सगळे कागद सुटे सुटे फोडायचे. एका ओळीत एकच गोष्ट, तिच्यापुढे वेळ आणि ती कुठून मिळाली ते. ‘ॲट्रोपीन देऊन नळी घातली’ हे एक वाक्य, पण ओळी दोन. ‘असर झाला’, ‘स्थिती सुधारली’ अशा निष्कर्षांच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या, कारण त्या बघितलेल्या गोष्टी नाहीत, बघितल्यावरून बांधलेली मतं आहेत.

मग घड्याळं. या रुग्णाच्या ईसीजीवर छापलेली वेळ आहे ६.३१. पण १०८ ने रुग्ण ताब्यात दिला ६.४१ ला. म्हणजे माणूस दारात यायच्या दहा मिनिटं आधी त्याचा ईसीजी निघाला! यात कुणी लबाडी केलेली नाही. मशिनचं घड्याळ महिनोन्‌महिने कुणी लावलेलं नसतं. इलाज अगदी साधा आहे. कॅज्युअल्टीत जायचं, भिंतीवरचं घड्याळ आणि मशिनचा पडदा एका फोटोत घ्यायचा. फरक २२ मिनिटांचा निघाला, म्हणजे ईसीजी ६.५३ चा. सिस्टरांच्या तक्त्यातही ६.५४ ला ‘ईसीजी काढला’ असं आहे, तेव्हा मेळ बसला. साखळीत मात्र दोन्ही वेळा लिहायच्या, छापलेली आणि दुरुस्त केलेली, आणि दुरुस्ती कशावरून केली तेही. मूळ कागदाला हात लावायचा नाही. साखळी हा नवा कागद आहे. तो जुन्या कागदांचा अर्थ लावतो, त्यांची जागा घेत नाही.

काही वेळांना घड्याळच नसतं. भाऊ म्हणतो, चारच्या सुमाराला त्याला उलटी झाली आणि तो बांधावर बसला, शाळेतून पोरं परत येत होती तेव्हा. इथे ‘४.००’ असं लिहिणं चूक आहे. ‘४ ते ४.३०, भावाच्या सांगण्यावरून’ असं लिहायचं. ही वेळ पुढे दोन-तीन दिवस कामाला येते. या विषातून सावरत असलेल्या रुग्णाच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनी अचानक लुळे पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे प्रथम नीट मांडलं. तो काळ विषबाधेपासून मोजायचा, दाखल झाल्यापासून नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगत राहायचं, हे भावाच्या त्या अंदाजी वेळेवरून ठरतं. अर्ध्या तासाच्या संदिग्धतेने तिथे बिघडत नाही. संदिग्धता लपवली तर बिघडतं.

आणखी एक भेद आवर्जून पाळावा लागतो. डॉक्टरांनी औषध सांगितलं ती वेळ वेगळी आणि ते शिरेत गेलं ती वेळ वेगळी. इथे तोंडी ऑर्डर ६.४६ ची आहे, पहिला डोस गेला ६.५२ ला. मधल्या सहा मिनिटांत हाताला सुई सापडत नव्हती. घामाने डबडबलेल्या हातावर चिकटपट्टीही टिकत नाही. रुग्णाच्या शरीराला फक्त दुसरी वेळ कळते.

एवढं झाल्यावर सगळ्या ओळी वेळेप्रमाणे एकाखाली एक लावल्या, तर मधला तुकडा असा दिसतो.

६.४५: बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत दोन्हीकडे बुडबुड, रक्तदाब ८४/५० (केसपेपर, ८.३० ला लिहिलेला)
६.५२: ॲट्रोपीन ३ अँप्यूल (सिस्टरांचा तक्ता)
६.५५: नाडी ५८, ऑक्सिजन ८३ (मॉनिटर). छाती: नोंद नाही
६.५८: ॲट्रोपीन ६ अँप्यूल (तक्ता)
७.००: नाडी ७२, ऑक्सिजन ८४ (मॉनिटर)
७.०५: नाडी ९८, ऑक्सिजन ७९ (मॉनिटर). छाती: नोंद नाही
७.०९: मुख्य औषधसाठ्यातून ॲट्रोपीन आणले (तक्ता)
७.१०: नाडी १२०, ऑक्सिजन ७५ (मॉनिटर). ॲट्रोपीन १२ अँप्यूल (तक्ता)
७.१५: नाडी १३२, ऑक्सिजन ७२ (मॉनिटर). छाती: नोंद नाही
७.१७: श्वासनलिकेत नळी (तक्ता)
७.२०: नाडी ११८, ऑक्सिजन ९१ (मॉनिटर)
७.२५: नाडी ९४, ऑक्सिजन ९६ (मॉनिटर)
७.३०: कपडे काढले, साबणाने अंग धुतले (तक्ता)
७.४०: नाडी ७८, ऑक्सिजन ९३ (मॉनिटर). नळीतून फेस, छातीत बुडबुड (दुसऱ्या डॉक्टरांची नोंद). ॲट्रोपीन १२ अँप्यूल (तक्ता)

केसपेपरमध्ये ‘नाडी १३२, ॲट्रोपीनचा पुरेसा असर झाला’ असं होतं. आता नाडीकडे पाहा. तिसरा डोस गेला ७.१० ला, पण नाडी त्याच्या आधीच ९८ आणि १२० झालेली आहे. त्याच वेळात ऑक्सिजन ८४ वरून ७५ वर आला आहे. नळी पडली, ऑक्सिजन ९६ झाला, आणि नाडी औषधाशिवाय ९४ वर उतरली. ॲट्रोपीनने वाढलेली नाडी आठ-दहा मिनिटांत अशी उतरत नाही. तेव्हा ती धडधड बहुतांशी गुदमरल्याची होती. आधीच्या दोन डोसांचा तिच्यात काही वाटा असेलही, तो यावरून वेगळा काढता येत नाही आणि काढल्याचा दावाही करू नये. पण पुरेसा असर झाला नव्हता हे ७.४० ची ओळ स्पष्ट सांगते. पाझर चालूच होता.

नाडीचा आकडा एकट्याने फसवतो तो असा. बुडालेलं फुप्फुस नाडी वाढवतं आणि ॲट्रोपीनही नाडी वाढवतं. दोन्हींमधला फरक छाती सांगते, आणि ‘छाती: नोंद नाही’ ही ओळ नेमकी तिथेच तीनदा आली आहे. १३२ हा आकडा पाहून डॉक्टरांना औषध पुरलं असं वाटलं, म्हणून ७.१० ते ७.४० या अर्ध्या तासात एकही डोस गेला नाही. दर पाच मिनिटांनी तपासून डोस ठरवायचा तिथे हा अर्धा तास.

‘नोंद नाही’ हे शब्द मात्र जपून वापरायचे. नोंद नाही म्हणजे तपासलं नाही असं नव्हे. एका हाताने मास्क धरून दुसऱ्याने सक्शन करणाऱ्या डॉक्टरांनी छाती ऐकलीही असेल. साखळी लावणाऱ्याने तिथे ना ‘छाती तपासली नाही’ असं लिहावं, ना ‘छातीत बुडबुड असणार’ असं भरून टाकावं. त्या डॉक्टरांना जाऊन विचारावं. त्यांना आठवत असेल तर ती ओळ घालावी आणि पुढे लिहावं की ही आठवणीतून, अमुक तारखेला सांगितलेली आहे. मोकळी जागा भरायचा मोह हा या कामातला सगळ्यांत मोठा धोका आहे. शेवट कळलेला असला की मधल्या गोष्टी तशाच घडल्या असणार असं वाटू लागतं आणि साखळी गुळगुळीत होते. मला तरी गुळगुळीत साखळीचीच शंका येते.

दुसरी जागा ६.५८ ते ७.१० ची. इथे पाच मिनिटांऐवजी बारा मिनिटं गेली. उत्तर ७.०९ च्या ओळीत आहे. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये नऊच अँप्यूल होत्या, त्या दोन डोसांत संपल्या आणि कुणालातरी मुख्य साठ्याकडे पळावं लागलं. एका डोसाला बारा अँप्यूल म्हणजे बारा काचेच्या माना मोडून सिरिंज भरायची, त्यातही वेळ जातो. याचा डॉक्टरांच्या हुशारीशी संबंध नाही, फवारणीच्या महिन्यांत ट्रेमध्ये किती अँप्यूल ठेवायच्या याच्याशी आहे. केसपेपर कितीही वेळा वाचला तरी हे कळलं नसतं.

आणि तिसरी जागा, जी मला सगळ्यांत जास्त खुपते. रुग्ण आला ६.४१ ला, औषधाने भिजलेले कपडे निघाले ७.३० ला. एकोणपन्नास मिनिटं विष कातडीतून आत जात राहिलं आणि शिरेतून त्याचा उतारा जात राहिला. सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे होतं आणि ते बरोबरच होतं. पण कपडे कापायला कात्री आणि एक मोकळा माणूस पुरतो.

पुढची साखळी लवकर संपते. ७.४८ ला आणखी १२ अँप्यूल. ७.५५ ला छाती स्वच्छ, नाडी १०६, रक्तदाब ११२/७०, काख कोरडी. या ओळीत पहिल्यांदाच औषधाच्या पुढे त्याचा असर पूर्ण लिहिलेला सापडतो. एकूण ४५ अँप्यूल, म्हणजे २७ मिलिग्रॅम. असर टिकवायला यानंतर एकूण डोसाच्या दहा ते वीस टक्के औषध दर तासाला सलाईनमधून द्यायचं असतं, म्हणजे इथे तासाला २.७ ते ५.४ मिलिग्रॅम. आयसीयूने ८.०५ ला ३ मिलिग्रॅमवर सुरू केलं. बेरीज हातात नसेल तर हा वेग अंदाजाने ठरतो. कमी पडला तर छाती पुन्हा भरते. जास्त झाला तर ताप चढतो, पोटाचा आवाज बंद होतो आणि रुग्ण बरळू लागतो. म्हणून साखळी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी राखून चालत नाही, निदान औषधाचा भाग तरी रुग्णाबरोबर आयसीयूच्या दारात पोचावा लागतो.

मग हे सगळं त्याच वेळी का लिहीत नाहीत, असं वाचकाला वाटेल. हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या बाबतीत जगभर हा विचार आधी झाला. नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात १९९० मध्ये तज्ज्ञ जमले आणि त्यांनी कोणत्या क्षणांची वेळ टिपायची हे ठरवून दिलं, कारण प्रत्येक जण वेगळ्या क्षणापासून मोजत होता आणि कुणाची कुणाशी तुलना करता येत नव्हती. पुष्कळ ठिकाणी एक माणूस फक्त वेळ आणि नोंदी सांभाळायला नेमतात. रुग्णाला हात लावायचा नाही, भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडे बघायचं, आणि डोस गेला की पाच मिनिटांनी मोठ्याने विचारायचं, “छाती कशी आहे?” आपल्याकडच्या सरकारी कॅज्युअल्टीत एका डॉक्टरवर आणि दोन सिस्टरांवर सहा खाटा असतात, तिथे असा माणूस मिळत नाही हे खरं आहे. पण इंटर्न असतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनी असतात. गर्दीत मागे उभ्या राहणाऱ्या त्या मुलीच्या हातात एक कोरा कागद आणि पेन दिलं, तर वर सांगितलेल्या तीन मोकळ्या ओळींतली निदान एक तरी भरली गेली असती.

नंतर लिहिणं हा गुन्हा नाही. रुग्ण जिवंत ठेवायचा की कागद भरायचा, हा प्रश्न आला तर उत्तर ठरलेलं आहे. फक्त नंतर लिहिताना घटनेची वेळ आणि लिहिण्याची वेळ अशा दोन्ही टाकाव्यात. चूक झाली तर एकाच रेषेने, खालचं वाचता येईल अशी खोडून बाजूला सही करावी. रात्री साडेआठला लिहिलेल्या केसपेपरवर ८.३० ही वेळ आहे म्हणून तर तो आठवणीतून लिहिलेला कागद म्हणून वाचता आला. कुणी तिथे ६.४५ टाकलं असतं तर १३२ च्या नाडीचा उलगडा झालाच नसता.

या साखळीची पहिली ओळ नेहमी नातेवाइकांकडून येते. म्हणून घरच्यांना एवढंच सांगायचं आहे. फवारणी करताना कुणाला मळमळ, घाम, लाळ किंवा धाप सुरू झाली, तर हातमोजे घालून किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून कपडे तिथेच काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाच्या डब्याच्या लेबलाचा फोटो घ्या. त्रास किती वाजता सुरू झाला आणि कुठल्या दवाखान्यात कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि पहिल्या डॉक्टरांना दाखवा. पुढे रुग्णाचे कागद हवे असतील तर लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात.